परस्पर संमतीने

वाईट बातमी नातेवाइकांना कशी कळवावी, या विषयावर मी पूर्वी एक खुसखुशीत लेख लिहिला होता. त्यात नातेवाइकांची यथेच्छ टिंगल होती आणि उपयोगाचं वाक्य एकही नव्हतं. लेख गाजला. त्यामुळे आमच्या नवनीतची नोकरी गेली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आपोआप माझ्याकडे पाहिलं.

नवनीत अंकलेश्वरला एका केमिकल कंपनीत होता. कंपनीने त्याचा विभागच बंद केला. एका सकाळी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून छापील राजीनामे पुढे ठेवले, खाली सही करायला पेन दिलं, आणि ते पेन ठेवून घ्या म्हणून सांगितलं. ते पेन आणि स्वप्नाली, माझी सून, या दोघांना घेऊन तो नंदुरबारला आला. पहिले काही दिवस "सुट्टीवर आलोय" यात निघाले. पण आमच्या गल्लीत सुट्टी फार दिवस टिकत नाही. दूधवाल्याने "साहेब, यंदा लंबी सुट्टी?" असं विचारलं, त्या दिवशी नवनीत माझ्यासमोर येऊन बसला.

"भाऊ, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगू. मला लिहवत नाहीये. तुम्ही लिहा. पण खोटं लिहायचं नाही, रडगाणं लिहायचं नाही, आणि मला दाखवल्याशिवाय कुठे टाकायचं नाही."

स्वप्नालीची अट वेगळी होती. "ग्रुपवर टाकायच्या आधी आबांना मी फोन करणार. त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे."

आबा म्हणजे तिचे वडील, म्हसावदचे भिला पाटील. बायको लवकर गेली, या एका लेकीला त्यांनी एकहाती वाढवलं. मागल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवली आहे. आणि त्यांच्या बाबतीत एक अडचण अशी की, लग्न ठरताना भाऊबंदांनी "मुलाकडे जमीन कुठे आहे" म्हणून नाकं मुरडली, तेव्हा आबांनी भर बैठकीत सांगितलं होतं, "जमीन नही, पन नोकरी शे." जमीन नाही पण नोकरी आहे, या एका वाक्यावर हे लग्न उभं होतं. नवनीत जगातल्या कुठल्याही मॅनेजरला भीत नव्हता तेवढा त्या वाक्याला भीत होता.

तेव्हा क्रम ठरला. आधी आबांना फोन. मग माझ्या मावशीला, तापीबाईला, कारण तिला नंतर कळलं तर ती ते मरेपर्यंत काढते. मग 'तापीकाठ परिवार' या ग्रुपवर मेसेज. हा क्रम अगदी बरोबर होता, हे मी आजही म्हणतो. मसुदासुद्धा बरोबर होता. मी तो पहिल्या बैठकीत असा लिहिला:

"सर्वांना नमस्कार. आपल्या नवनीतची नोकरी गेली आहे. कंपनीने त्याचा विभाग बंद केला, त्यात बऱ्याच जणांना जावे लागले. त्याची तब्येत चांगली आहे. तो आणि स्वप्नाली सध्या नंदुरबारलाच आहेत. तो काम शोधतो आहे. कुणाच्या माहितीत असल्यास जरूर कळवा. तूर्त त्या दोघांना फोन करू नका, काही विचारायचे असेल तर मला विचारा."

नवनीतने वाचलं, मान हलवली. स्वप्नालीने वाचलं, "चालेल," म्हणाली. इथे लेखकाने हात धुवून उठायचं असतं. पण निवृत्त लेखकाला हात धुण्याची घाई नसते. शिवाय मजकूर मलाच फार साधा वाटत होता. घरात आम्ही अहिराणी बोलतो. लिहायची वेळ आली की मी प्रमाण मराठी चढवतो, लग्नाला जाताना कोट चढवावा तशी. या मजकुराला कोट नव्हता, नुसता सदरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली होती. स्वप्नाली गच्चीवर रेंज शोधत आबांना फोन लावत होती, आबांचा फोन लागत नव्हता. नवनीत आतल्या खोलीत आपला बायोडाटा घेऊन बसला होता. मी ओट्यावर मसुदा घेऊन बसलो. आमच्या गल्लीत माणूस कागद घेऊन ओट्यावर बसला की त्याला सल्ला हवा आहे, असं धरतात.

पहिला सल्ला घरातूनच आला. आमच्या शोभाबाई म्हणाल्या, "ते 'गेली' काढा. गुरुवारना दिन 'गेली' लिखतंस का? लोकं आधी इचारतीन, कोन गयी."

मी म्हटलं, "मग 'सोडली' करतो."

आतून नवनीतचा आवाज आला. "मी सोडलेली नाही."

मुलगा खोटं लिहू देत नाही आणि बायको खरं लिहू देत नाही, अशा वेळी सरकार जे करतं ते मी केलं. क्रियापद गाळलं.

तेवढ्यात शेजारचे वीरसिंग वळवी आले. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मसुदा हातभर लांब धरून वाचला आणि विचारलं, "पोराने कागदावर सही केलीये ना? त्यात कंपनीबद्दल बाहेर काही बोलणार नाही असं कलम असतं. वाचलंय का?"

वाचलं होतं. असं कलम होतं.

"मग हे 'कंपनीने विभाग बंद केला' लिहून तुम्ही ते मोडताय. उद्या अनुभवाचा दाखला अडकवला तर? कंपनी हा शब्दच काढा."

"काढला. मग काय झालं म्हणून लिहू?"

वीरसिंग यांनी डोळे मिटले आणि एक वाक्य सांगितलं. "'परस्पर संमतीने वेगळे होण्याचा निर्णय घेतला असून कागदपत्रांवर सह्या झाल्या आहेत.' यात कोणी बोट ठेवू शकत नाही."

वाक्य खरोखर भक्कम होतं. त्यांच्या हाताखालून ते आयुष्यभर गेलेलं होतं. कुठल्या प्रकरणांतून गेलेलं होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

समोरच्या घरातले स्टीफन गावित आले ते हे वाक्य ऐकतच. स्टीफन मूळचे खांडबाऱ्याचे, चर्चच्या प्रार्थनामंडळात सांत्वनाचं काम पाहतात. ते आजारी माणसाला भेटून आले की तो माणूस बरा वाटतो, मग त्याला प्रत्यक्षात काहीही होवो. ते म्हणाले, "सर, हे फार कोरडं झालं. नोटीस वाटते. कुणाच्या मनात कटुता नाही, सुनेने धीराने घेतलंय, असं काही तरी पाहिजे ना? वाचणाऱ्याला धीर आला पाहिजे."

तेही घातलं. राहिलं 'काम शोधतो आहे'. एवढा शिकलेला मुलगा 'काम' शोधतो म्हणजे नाक्यावर उभा आहे असं वाटेल, असं वीरसिंग यांचं मत पडलं. मी तिथे 'योग्य ठिकाण' केलं. आणि 'नऊ वर्षांच्या सहवासानंतर' ही माझी स्वतःची भर. नवनीत त्या कंपनीत नऊ वर्षं होता. नोकरी लागली आणि दोन महिन्यांत लग्न झालं, म्हणून मला आकडा पाठ. 'सेवा' लिहिलं असतं तर चाकरी वाटली असती. 'सहवास' या शब्दावर मी फार खूश झालो. अंतिम मजकूर असा झाला:

"सर्व आप्तेष्टांना कळविण्यात येते की, चि. नवनीत याने नऊ वर्षांच्या सहवासानंतर परस्पर संमतीने वेगळे होण्याचा निर्णय घेतला असून, दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांवर सह्या झाल्या आहेत. कुणाच्याही मनात कटुता नाही. सौ. स्वप्नाली हिने सर्व धीराने घेतले आहे. नवनीत आता नव्या सुरुवातीस तयार असून आपल्या पाहण्यात योग्य ठिकाण असल्यास अवश्य सुचवावे. कृपया फोन करून चौकशी करू नये. ईश्वर सर्वांना बळ देवो."

शेवटचं वाक्य स्टीफन यांचं. ते पदरचं देतात.

वाचकांच्या लक्षात जे आत्ता आलं ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. आम्हाला काय झालंय ते माहीत होतं, म्हणून आम्ही मजकुरात न लिहिलेलं सगळं वाचत होतो.

नवनीतला दाखवायचं होतं. स्वप्नालीचा फोन लागायचा होता. हे दोन्ही मला पक्कं ठाऊक होतं. पण लेख छापून आल्यावर कसा दिसतो हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही जुनी खोड. मी फोनचं इंटरनेट बंद केलं, मजकूर ग्रुपच्या चौकटीत चिकटवला आणि पाठवला. नेट नसलं की मेसेज जात नाही. शेजारी एक छोटं घड्याळ येतं आणि तो तिथेच थांबतो. पाहून झालं की काढून टाकायचा. मजकूर हिरव्या पट्टीत फार भारदस्त दिसत होता. मी चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला.

आणि लाइट आली.

पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला, आणि कपाटावरच्या वायफायच्या डबीने डोळे उघडले. मोबाइलचं इंटरनेट मी बंद केलं होतं. वायफाय हा वेगळा प्राणी आहे, तो लाइटच्या पाठोपाठ येतो आणि कुणाची परवानगी मागत नाही. घड्याळाच्या जागी एक टिक आली, मग दोन आल्या.

मी खरं सांगतो, पहिली काही मिनिटं मला वाटलं, झालं ते बरंच झालं. कारण प्रतिक्रिया उत्तम येत होत्या. नाशिकच्या आतेभावाने लिहिलं, "वाचून वाईट वाटलं. पण आजकाल घरोघरी हेच चाललंय." शिरपूरहून आलं, "खचू नको नवनीत. दुसरी मिळेल." त्याच्याखाली लगेच, "पहिलीपेक्षा चांगली मिळेल." कुणी तरी, "मला तर आधीपासूनच वाटत होतं की ती तुझ्या लायकीची नव्हती." आपल्या मुलाच्या गुणांची नातेवाइकांना इतकी कदर असेल, हे मला नवीन होतं. मी ते शोभाबाईंना मोठ्याने वाचून दाखवत होतो. मग दोंडाईच्याच्या एका वहिनींचा मेसेज आला: "लग्नातले दागिने कोणाकडे राहिले?"

"कंपनीत दागिने कुठून आले?" मी विचारलं.

शोभाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. मजकूर पहिल्यापासून वाचला. मग त्या खाली बसल्या.

"तुम्हीन पोरनी फारकत करी टाकी," त्या म्हणाल्या.

मी मेसेज सर्वांसाठी डिलीट केला. ती सोय आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. मजकूर जातो आणि त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी राहते. ज्यांनी वाचलं नव्हतं ते विचारू लागले की काय होतं, आणि ज्यांनी वाचलं होतं त्यांच्याकडे स्क्रीनशॉट होते, ते त्यांनी उदारपणे टाकले. माझा मजकूर आता ग्रुपवर चार ठिकाणी होता. आयुष्यात माझ्या कुठल्याही लेखाचं इतकं पुनर्मुद्रण झालेलं नाही.

आवाजाने नवनीत बाहेर आला. स्वप्नाली गच्चीवरून खाली आली. दोघांनी स्क्रीनशॉट वाचला. स्वप्नालीने एकच विचारलं, "आबा ग्रुपवर नाहीत ना?"

"आबा नाहीत," मी म्हटलं. "पण तुझे चुलतभाऊ आहेत."

"मी लगेच खुलासा टाकतो," मी म्हटलं आणि लिहायला लागलो: 'वरील मेसेज नोकरीसंबंधी होता.' स्वप्नालीने माझ्या मनगटावर हात ठेवला. पहिल्यांदाच ठेवला, आणि चांगला जोरात.

"भाऊ, आता हे टाकलं तर आबांना नोकरीचं ग्रुपवरून कळेल. तेच नको होतं ना."

म्हणजे परिस्थिती अशी होती. खुलासा करावा तर आबांना लेकीच्या तोंडून कळायचं राहतं. न करावा तर माझा मुलगा घटस्फोटित राहतो. आम्ही तूर्त त्याला घटस्फोटित ठेवायचं ठरवलं. तापीबाईचा आवाजी मेसेज आला, "काय व्हयनं रे भाऊ, इतली गुनी पोर," आणि मावशी रडत असतानाही मला तिला उत्तर देता येईना.

स्वप्नाली म्हसावदला फोन लावत राहिली. शेवटी तो लागला. उचलला शेजारच्या बाईने.

"आबा तं निघी गयात, बाई. चार जणसले लिसन, गाडी करीसन. फोन चार्जिंगलेच ऱ्हायना."

"तब्येत कशी होती त्यांची?"

"कोनशीच बोलनात नही."

म्हसावदहून नंदुरबार म्हणजे शहादा, मग प्रकाशाचा पूल, मग आमची गल्ली. एवढ्या वाटेत स्टेंट बसलेला माणूस, न बोलता, डोक्यात माझा मजकूर घेऊन येत होता. स्वप्नालीने त्यांच्याबरोबरच्या चौघांचे नंबर शोधले. एकाचा बंद होता. दुसऱ्याने उचलला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "फोनवर चौकशी करू नका असं तुम्हनंच लिखेल शे. समोरासमोर बोलूत." आणि ठेवला. आपण लिहिलेली सूचना कुणी तरी पाळावी ही लेखकाची आयुष्यभराची इच्छा असते. ती अशी पुरी झाली.

स्वप्नालीने आबांच्या गोळ्यांची नावं एका कोपऱ्यात लिहून ठेवली. स्टीफन यांनी आपल्या भाच्याची गाडी, लागली तर दवाखान्यासाठी, गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. या खेपेला ते काहीही सांत्वनपर बोलले नाहीत. वीरसिंग ओट्यावर बसून होते. "वाक्य बरोबर होतं," असं ते अधूनमधून स्वतःशी म्हणत.

गाडी आली. आबा उतरले. मागून चौघं, पांढरे कपडे, डोक्यावर टोप्या, बैठकीला जातात तसे. आबा घरात आले, खुर्चीवर टेकले. शोभाबाईंनी तांब्या-पेला पुढे केला. आबांनी पेल्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. चौघांनीही लावला नाही. उन्हातून आलेली माणसं पाण्याला हात लावत नाहीत, तेव्हा घरातल्या भांड्यांचासुद्धा आवाज बंद होतो.

"याही," आबा मला म्हणाले, "मन्ही आंडेरनं काय चुकनं, तेवढं सांगा." लेकीचं काय चुकलं, एवढंच ते विचारत होते. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

मी घसा साफ केला. "याही, मुळात या प्रकरणी जो गैरसमज निर्माण झाला आहे, त्याची पार्श्वभूमी अशी की..."

"भाऊ, थांबा." नवनीत आतून आला. स्वप्नाली त्याच्या मागे दारात उभी राहिली. तिला पुढे यायचं होतं, हे दिसत होतं. आधी तिने सांगायचं ठरलं होतं. नवनीतने तिच्याकडे पाहिलं, ती थांबली. तो आबांसमोर खाली जमिनीवर बसला. नऊ वर्षं गुजरातेत काढलेला मुलगा, पण बोलला ते घरातलं.

"आबा, मन्ही नोकरी गयी."

हे वाक्य त्याने तोपर्यंत एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं. माझ्याजवळही नाही. क्रियापद जसंच्या तसं होतं.

आबांचा हात छातीकडे गेला. स्वप्नाली पुढे झाली. शोभाबाईंनी दाराबाहेर स्टीफन यांना खूण केली. आबांनी छातीच्या खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला.

"परत सांग."

"नोकरी गयी. कंपनीनी काढी टाकं. त्या मेसेजमा तेच लिखेल व्हतं."

"नोकरीच?"

"हां."

"आनि पोर?"

"मी आठेच शे, आबा," स्वप्नाली त्यांच्यासमोर येत म्हणाली.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. पेला पुढे केला. शोभाबाईंनी परत भरला. तोही प्यायले. मग नवनीतकडे वळले. चेहरा काही हसरा नव्हता.

"मी पंचसमा सांगेल व्हतं, जमीन नही पन नोकरी शे. आते नोकरी बी नही."

नवनीतने मान खाली घातली.

आबांनी त्या चौघांकडे पाहिलं. "दखी ल्या. नोकरी नही, पन संसार शे. गावमा इचारतीन तं असंच सांगज्यात."

चौघांतल्या सर्वांत वयस्कर माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली. तो कांद्याचं काम अर्धवट टाकून भांडायच्या तयारीने आला होता. "मंग आम्हले कसाले आनं?" त्याने आबांना विचारलं. चूक कुणाचीच न निघाल्यामुळे त्याची खरोखर गैरसोय झाली होती.

"जेवाले," शोभाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवणं चालू असताना माझा फोन वाजत होता. 'योग्य ठिकाण असल्यास अवश्य सुचवावे' या ओळीला प्रतिसाद येत होता. धुळ्याच्या एका दूरच्या काकांनी एका मुलीचा बायोडाटा फोटोसकट पाठवला होता, अपेक्षा: 'मुलगा समजूतदार असावा.' स्वप्नालीने तो नीट वाचला.

"केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे," ती नवनीतला म्हणाली, "आणि हिला नोकरी आहे. विचार कर."

आबांना ठसका लागला. या वेळी गाडीची आठवण कुणालाच झाली नाही.

खुलाशाचा मेसेज पाठवायचा राहिला होता. मी कागद-पेन घेऊन पुढे सरसावलो, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पेन टोपण लावून खिशात ठेवलं. कंपनीचंच होतं ते. नवनीतने आधी तापीबाईला फोन केला, कारण क्रम तो क्रम. मग ग्रुपवर स्वतःच लिहिलं, उजवा हात जेवणाचा, म्हणून डाव्या अंगठ्याने:

"माझी नोकरी गेली आहे. स्वप्नाली माझ्यासोबत आहे. आबांना सांगून झालंय. काम शोधतोय कुणाला माहीत असेल तर सांगा."

मी वाचलं आणि म्हटलं, "'शोधतोय'नंतर पूर्णविराम हवा."

"भाऊ," आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

राहू दिला.